स्वच्छ प्रत

त्यांना सारी पेठ मोतीडॉक्टर म्हणे. नेत्ररोगांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, तरी वर्षाकाठी एखादा म्हातारा मोतीबिंदू काढून घ्यायला त्यांच्या दारात येऊन बसेच. त्याला योग्य दवाखान्याचा पत्ता डॉक्टर स्वहस्ते लिहून देत, आणि तो कागद हाती पडला की नावाचा उगम म्हाताऱ्याला आपोआप कळे. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे होते. कोपऱ्यावरचा औषधविक्रेता म्हणे की इतर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचताना मुंग्या शाईत बुडून कागदावर चालल्यासारखे वाटते, मोतीडॉक्टरांची चिठ्ठी मात्र फ्रेम करून लावावी.

या अक्षरामागे एक व्रत होते. रुग्णासमोर बसले की डॉक्टर हाताला येईल त्या कागदावर, बहुधा औषध कंपन्यांनी फुकट वाटलेल्या पॅडवर, भराभर टिपून घेत. त्यात खाडाखोड असे, बाण असत, समासात प्रश्नचिन्हे असत. मग रविवारी सकाळी स्नान उरकून ते टेबलापाशी बसत, आठवड्याची टिपणे शाईच्या पेनाने जाड कागदावर उतरवीत आणि कच्चे कागद चार तुकडे करून टोपलीत टाकीत. केरकचरा उंबऱ्याच्या आत ठेवू नये, या भावनेने. पूर्वी पोथ्यांच्या नकला करणारे लेखनिक शेवटी लिहून ठेवीत की जसे दिसले तसे लिहिले, दोष माझा मानू नये. डॉक्टरांना ती ओळ फार आवडे. आपण जसे दिसले तसे लिहीत नाही, शोभेल तसे लिहितो, हे चाळीस वर्षांत त्यांच्या ध्यानी आले नाही. ध्यानी यावे असा प्रसंगच आला नव्हता.

त्यांच्या दवाखान्यामागच्या गल्लीत चौऱ्याऐंशी वर्षांची एक विधवा राहत असे. तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी आईबापांच्या पश्चात तिच्याकडे आली आणि सोळा वर्षे राहिली. भाचीची हाक ऐकून ती विधवा साऱ्या गल्लीची मावशीच झाली. मावशीला मुलगा एकच. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच्या घरात राही आणि महिन्यातून दोनदा येई. मावशीने ठरवले की राहते घर भाचीला द्यायचे. मृत्युपत्राशिवाय कायद्याने भाचीच्या वाट्याला त्या घराची वीटही येणार नव्हती, कारण मुलगा हयात होता. मृत्युपत्र लिहिणाऱ्या वकीलबाई जाणत्या होत्या. या वयात पुढेमागे कोणीतरी 'बाईंना समज नव्हती' असे म्हणणार, हे ओळखून त्यांनी डॉक्टरांना रीतसर पत्र धाडले. काय तपासायचे ते त्यात कलमवार होते: आपण काय करतो आहोत आणि त्याचा परिणाम काय हे बाईंना कळते का, आपल्याकडे काय काय आहे हे ढोबळमानाने ठाऊक आहे का, कोणाकोणाचा हक्क विचारात घ्यावा हे उमगते का, आणि या निर्णयाला कुठला भ्रम तर कारणीभूत नाही ना. पत्राच्या शेवटी एक ओळ होती. उत्तरे बाईंच्याच शब्दांत, तिथल्या तिथे लिहून ठेवावीत.

तपासणी डॉक्टरांनी उत्तम केली, हे या कथेतले सर्वांत मोठे दुःख आहे. एका बुधवारी सकाळी, मावशीची तरतरी टिकून असते त्या वेळी, ते गेले. भाचीला बाजारात पाठवले, दारामागे कोणी उभे नाही हे पाहिले. कानातले यंत्र चालू आहे का ते तपासले, ताप नाही, लघवीचा दाह नाही, आदल्या रात्री झोपेची गोळी घेतलेली नाही, याची खात्री केली. स्मरणाच्या चाचणीत तिला तीसपैकी एकवीस गुण पडले. तारीख तिने तीन दिवसांनी चुकवली. पण स्मरण कमी म्हणजे समज गेली असे नव्हे, हे डॉक्टरांना ठाऊक होते. त्यांनी तिला मृत्युपत्र म्हणजे काय ते विचारले. ती म्हणाली, मी गेल्यावर चालणारा हुकूम, जिवंतपणी तर माझं कोणी ऐकत नाही. मालमत्ता तिने बोटांवर मोजली आणि एक ठेव विसरली, ती मागाहून आठवून सांगितली.

मग तो नाजूक भाग आला. गल्लीत सर्वांना माहीत होते की मुलगा चष्मा पळवतो अशी मावशीची तक्रार असे. डॉक्टरांनी विषय टाळला नाही. चष्म्याच्या रागापायी मुलाला वगळता आहात का, असे सरळ विचारले.

"चष्म्यापायी कुणी घर फिरवतं का रे डॉक्टरा?" मावशी म्हणाली. "चष्मा बाजारात मिळतो. त्याला बापानं हयातीतच दोन गाळे दिलेत, स्वतःचं घर आहे. आणि खरं सांगू, तो घेत नसेलही. म्हातारपणी वाटतं असं काहीबाही."

भाचीला का देता, हे विचारल्यावर मावशीने एकच वाक्य उच्चारले. ते इतके तिचे होते, की डॉक्टर खळखळून हसले आणि त्यांनी ते जसेच्या तसे कागदावर घेतले. वीस मिनिटांनी चहा झाल्यावर त्यांनी तेच प्रश्न उलटसुलट करून पुन्हा विचारले. उत्तरे बदलली नाहीत. दुपारी वकीलबाईंच्या कार्यालयात दोन साक्षीदारांसमक्ष मावशीने सही केली. त्यांतले एक साक्षीदार स्वतः मोतीडॉक्टरच होते. गाळ्यांची नोंद त्यांनी दुसऱ्या दिवशी कागद मागवून पडताळली. ती खरी निघाली.

रविवारी ते स्वच्छ प्रत करायला बसले. वर बुधवारची तारीख घातली, कारण तपासणी बुधवारची होती. चष्म्याच्या प्रकरणाशी पेन थबकले. एका वयोवृद्ध स्त्रीने आपल्या मुलाला चोर म्हटले होते, हे न्यायालयाच्या कागदावर कायमचे राहावे का? त्यांनी ते गाळले. विसरलेली ठेव गाळली. भाचीबद्दलच्या त्या वाक्याच्या जागी लिहिले: 'सेवाशुश्रूषेबद्दल कृतज्ञतेच्या भावनेने सदर निर्णय स्वेच्छेने घेतला असल्याचे त्यांनी प्रतिपादन केले.' एकही खाडाखोड झाली नाही. कच्च्या कागदाचे चार तुकडे टोपलीत गेले, आणि सोमवारी झाडणाऱ्या बाईने टोपली रिकामी केली.

मावशी दीड वर्षाने गेली. मुलाने मृत्युपत्राला हरकत घेतली, आणि डॉक्टरांची साक्ष होईपर्यंत त्या बुधवाराला चार वर्षे लोटली होती.

मुलाच्या वकिलांनी आधी शेजारणीकडून चष्म्याची गोष्ट शपथेवर वदवून घेतली होती. मग त्यांनी डॉक्टरांच्या हाती तो जाड कागद दिला आणि अक्षराची मनापासून स्तुती केली. पाऊणशे ओळींत एक अक्षर गिरवलेले नाही, असे ते म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, हे तुम्ही बाईंच्या समोर बसून लिहिलंत?"

खोटे बोलण्याची ती एकच संधी होती, आणि खोटे पकडायला साऱ्या जगात कोणी उरले नव्हते. डॉक्टर म्हणाले, "नाही. रविवारी लिहिलं. समोर लिहिलं ते कच्चं होतं."

"ते कुठं आहे?"

"फाडलं."

भाची मागच्या बाकावर बसली होती. डॉक्टरांनी तिकडे पाहिले नाही. त्यांनी चष्म्याबद्दल विचारले होते, मावशीने उत्तर दिले होते, आपल्या संशयावर स्वतःच शंकाही घेतली होती, हे सारे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. वकिलांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे चार वर्षांनी हे तुम्हाला आठवतं, आणि चार दिवसांनी लिहावंसं वाटलं नाही?"

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवून जवळजवळ ममतेने विचारले, की एवढी महत्त्वाची गोष्ट तुम्ही गाळलीत का? "शोभलं नसतं," डॉक्टर म्हणाले.

निकालपत्रात डॉक्टरांच्या सचोटीचा आदराने उल्लेख होता. पुढे लिहिले होते की सदर टिपण समकालीन नाही, त्यावरची तारीख लेखनाची नाही, त्यात बाईंचा स्वतःचा एकही शब्द नाही, आणि जो भ्रम निर्णयाच्या मुळाशी असू शकतो त्याबद्दल ते मूक आहे. निष्कर्ष आहे, पण तिथवर नेणारी वाट नाही. मृत्युपत्र सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर, त्याने तो पेललेला नाही. घर मुलाला गेले. वकीलबाईंनी अपिलाचा विषय काढला आणि स्वतःच मिटवला. नवा पुरावा कुठून आणणार? त्यांनी डॉक्टरांना दोष दिला नाही. आपल्या जुन्या पत्राची नक्कल मात्र फाइलीतून काढून शेवटच्या ओळीवर क्षणभर बोट ठेवले. डॉक्टरांना त्यापेक्षा शिवी परवडली असती.

त्यानंतर डॉक्टरांनी रविवारचे टेबल सोडले. आता ते रुग्णासमोरच लिहितात, चुकले तर एक रेघ मारून बाजूला सही आणि वेळ घालतात, काही फाडत नाहीत. औषधविक्रेता कुरकुरतो की मोत्यांचा भाव उतरला. हे शहाणपण पुढच्या कोणा मावशीच्या उपयोगी पडेलही. या मावशीच्या नाही.

घर सोडण्याच्या आदल्या दिवशी दुपारी भाची दवाखान्यात आली. पन्नाशीची बाई, हातांना सामान बांधल्याची धूळ. मावशीच्या उरलेल्या औषधांची पिशवी तिने टेबलावर ठेवली, कोणाला लागली तर म्हणून. एका ओळखीच्या बाईकडे एक खोली मिळाली आहे, असे सांगितले. डॉक्टरांनी क्षमा मागायला सुरुवात केली, तेव्हा तिने हात वर करून थांबवले.

"ते राहू द्या, डॉक्टरकाका. एकच विचारायचं होतं. तुम्ही मला बाजारात पाठवलंत ना त्या दिवशी, मी परत आले तेव्हा तुम्ही हसत होतात. मावशी म्हणाली, तुझ्याबद्दल डॉक्टरला एक सांगितलंय, मी मेल्यावर कळेल. काय म्हणाली होती?"

डॉक्टरांना ते हसू आठवले. चहाची कपबशी आठवली, मावशीच्या कानातल्या यंत्राची बारीक शीळ आठवली, कागदावर डावीकडे, बाणाच्या खाली, ते वाक्य कुठे लिहिले होते ती जागासुद्धा आठवली. जागा कोरी होती. पाच वर्षे ते ज्या वाक्याला धरून जगत आले होते ते तिथे आपसूक येऊन बसले, सुवाच्य, निर्दोष.

"म्हणाल्या," ते थांबले. "म्हणाल्या की सेवाशुश्रूषेबद्दल कृतज्ञता..."

भाचीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, एखाद्या परक्या बाईबद्दल ऐकावे तसे.

"मावशी असं बोलायची नाही," ती हळू म्हणाली, आणि पिशवी तिथेच ठेवून निघून गेली.