चौथी ओळ

आमच्या ऑफिसात संस्कृती प्रत्येक फोननंतर समोरच्याला जो मेल लिहायची, त्याची चेष्टा करणारी पहिली मीच. मी मेघा, तिच्या शेजारच्या खुर्चीवरची. आम्ही छोट्या कारखान्यांना मालसाठ्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर विकतो. संस्कृती सोयगावची. तीन महिन्यांच्या कच्च्या नोकरीचा शेवटचा आठवडा चालू होता आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. सगळे "बघू, कळवतो" म्हणत आणि गायब होत.

सोमवारी वाळूजचे कारखानदार बद्रीनाथ शेट यांच्याशी तिचं फोनवर पहिल्यांदाच बोलणं झालं. अर्धा तास ती विचारत होती आणि वहीत लिहीत होती. फोन ठेवल्याबरोबर मेल लिहायला बसली, तेही मराठीत.

"आपल्या बोलण्यातून मला समजलेलं असं: एक, लोखंडी सळ्यांची नोंद वहीत होते, त्यामुळे माल संपल्याचं मशीन थांबल्यावरच कळतं. दोन, दोन्ही पाळ्यांना मोबाईलवर मराठीत नोंद करता यायला हवी. तीन, दिवाळीआधी सुरू व्हायला हवं. चार, घ्यायचं की नाही ते तुम्ही एकटेच ठरवणार. पुढं: गुरुवारी अकरा वाजता मी कारखान्यात येऊन दाखवते, त्याआधी तुम्ही गेल्या महिन्याच्या वहीच्या पानांचे फोटो पाठवा. काही चुकलं असेल तर सांगा."

आमचे साहेब मिहिर सर मागून वाचत होते. "चौथी ओळ काढ. ठरवणार कोण, हे मोठ्या माणसाला असं लेखी विचारतात का?"

"ते तसंच म्हणाले सर. चुकीचं असेल तर आत्ताच कळू द्या."

मेल गेला. मंगळवारी उत्तर नाही. मी म्हटलं, "घे, अजून एक 'बघू, कळवतो'वाला!" ती हसली, पण त्या दिवशी तिनं डबा उघडलाच नाही. मला स्वतःच्या जिभेचा राग आला.

बुधवारी फोन वाजला; संस्कृतीनं तो स्पीकरवर टाकला. बाईचा खणखणीत आवाज होता.

"ती चौथी ओळ लिहिणारी पोरगी कुठंय? मी द्वारकाबाई, बद्रीनाथची आई. मेल इथं मीच उघडते. बाकी सगळं बरुबर हाय. पण एकटाच ठरवणार? व्हय का! सळ्यांची वही वीस वर्षं मी लिहिते. उद्या मला दाखव. फोटो पाठवलेत."

मिहिर सर तो मेल पुन्हा वाचायला वाकले.

गुरुवारी संस्कृतीनं सॉफ्टवेअर दाखवलं ते द्वारकाबाईंना. बाईंनी चष्मा पुसत स्वतः तीन नोंदी केल्या. शेट शेजारी उभे राहून चहा ओतत होते म्हणे.

परत येऊन तिनं पुन्हा मेल लिहिला. चौथी ओळ: "निर्णय द्वारकाबाईंचा."

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. दहा मिनिटांत शेटचं उत्तर आलं:

"चौथी ओळ आता बरोबर आहे. आई हो म्हणाली."