पायरीवरची प्रार्थना

गुरुजींच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी कणकवलीत घरी डाळ निवडत होते. "ताई, तुमका शाळेतली प्रार्थना येता मा? आबा पेज खानत नाय."

आमचे गुरुजी आता पंच्याऐंशीच्या पुढचे. माणसं ओळखत नाहीत, पण सकाळी दहाच्या सुमाराला पडवीत हात जोडून उभे राहतात आणि त्यांनी स्वतः रचलेली आमच्या शाळेची प्रार्थना सुरू करतात. पहिली ओळ म्हणतात, थांबतात, पुन्हा पहिली ओळ. कधी वैतागून भिंतीवर हात आपटतात. प्रार्थना संपल्याशिवाय खायचं नाही, हा शाळेचा नियम त्यांच्या डोक्यात पक्का. आठवडाभर पेज निवून जात होती. ट्रंकेतल्या वह्या शोधून झाल्या होत्या, प्रार्थना कुठेच लिहिलेली नव्हती.

"येते म्हणजे काय! दुसरीपासून चौथीपर्यंत मीच सांगायचे," मी ऐटीत म्हटलं. फोन ठेवला आणि म्हणायला लागले.

"उजाडले बघ खाडीवरती..."

पुढे काही नाही. चाल होती. ओळ किती लांब, हेही कळत होतं. शेवटी 'आणी' असं काहीतरी यायचं. पण शब्द म्हणाल तर साफ पुसलेले. मग एकदम त्याच्या पुढची ओळ आली, "इवले अमुचे हात तरीही..." आणि पुन्हा भोकच. हटून बसले की जास्तच दूर जायचं.

दोन दिवस स्वतःवर चिडून झाल्यावर उलगडा झाला. आमच्याकडे पद्धत होती: पुढे उभी असलेली मुलगी एक ओळ सांगणार, मुलं दुसऱ्या ओळीनं उत्तर देणार. गुरुजी पेटीवर माझी ओळ धरायचे आणि उत्तराच्या वेळी गप्प राहून कुणाचं तोंड मिटलंय ते बघायचे. मीही त्या वेळात पुढची ओळ मनात घोळवत श्वास भरत असायचे. कानावर पडत होतं, पण ऐकत कोण होतं? पहिलीत रांगेत म्हटलेलं पुढच्या तीन वर्षांच्या मिरवण्यात बुडालं. म्हणजे आम्हां दोघांकडे मिळून एकच अर्धी प्रार्थना होती.

दुसरी अर्धी कुणाकडे, ते शोधत शाळेच्या गावी, तोंडवलीला गेले. वर्गातले बहुतेक मुंबईला. किनाऱ्यावर माझ्या वर्गातली एक बाई मासे निवडत बसली होती. लहानपणीही ती हेच करायची, रापणीच्या जाळ्यातले मासे निवडून मग धावत शाळेत. रोज उशीर. उशिरा येणाऱ्यांनी प्रार्थना संपेपर्यंत बाहेर पायरीवर उभं राहायचं, तिथूनच उत्तर द्यायचं. डोळे मिटायचे सोडून मी दाराकडे बघायचे आणि ती दिसली की मी पुढे नि ती पायरीवर, म्हणून मला बरं वाटायचं. हे आज लिहितानाही लाज वाटते.

"प्रार्थना येता गो तुका?" मी विचारलं.

"मी पायरेवरची. माका सुरवात येणा नाय. तू म्हण, बघूया."

मी म्हटलं, "उजाडले बघ खाडीवरती."

हातातला बांगडा टोपलीत टाकता टाकता तिनं सहज उत्तर दिलं, "दे आम्हाला निर्मळ वाणी."

"इवले अमुचे हात तरीही."

"तहानल्याला देतिल पाणी."

"आता एकटीच म्हणून दाखव," मी म्हटलं तर तिला एक शब्द फुटेना. माझी ओळ आली की मात्र तिची तयार. शेवटपर्यंत गेलो, कुठे अडलो नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही गावातच गुरुजींकडे गेलो. ती टोपली घेऊन थेट विकायलाच निघालेली. "माशांचो वास येता, मी हयच बरी," म्हणून पडवीच्या पायरीवर थांबली. मी किती ओढलं तरी ऐकेना.

गुरुजींनी हात जोडले. थरथरत्या आवाजात पहिली ओळ म्हटली, मी त्यांच्या सोबत. नेहमीच्या जागी ते थांबले. त्यांचा चेहरा कावराबावरा होऊ लागला तोच पायरीवरून उत्तर आलं. गुरुजींनी मान हलवली आणि आपली दुसरी ओळ धरली. पुन्हा पायरीवरून उत्तर. तिसरी, चौथी. त्यांचा आवाज हळूहळू शाळेतला झाला. सून दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

प्रार्थना संपली. गुरुजींनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलंच नाही. पायरीकडे बघत, शाळेत रोज सकाळी म्हणत तसंच म्हणाले, "उशिरा आलेले, आत या."

तिनं टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसले. पंचावन्न वर्षांची बाई मान खाली घालून आत आली आणि माझ्या मागे भिंतीला टेकून मांडी घालून बसली. मग गुरुजींनी पेजेची वाटी पुढे ओढली.