कूलरच्या दिवसांतला पगार

कळमेश्वरच्या कारखान्यात गिरिधरला सगळे ‘चाळीसवाले’ म्हणायचे. कोणी नवी गाडी घ्यायची म्हटली की तो आधी विचारायचा, “सगळे हप्ते मिळून पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या आत बसते का गा?” बसत नसेल तर तो सरळ नको म्हणायचा. एरवी बोलायला लाजणारा हा माणूस एवढ्या एका बाबतीत मात्र कोणाचं ऐकत नसे.

त्या शनिवारी मात्र तो स्वतःच कर्ज मागायला रामदासपेठेतल्या बँकेत बसला होता. पंचवीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढल्यावर त्याने एक लहानसा फ्लॅट पाहिला होता. पंचवीस हजार टोकन देऊन झालं होतं. बिल्डरचा माणूस जितेंद्र सकाळपासून फोन करत होता. संध्याकाळपर्यंत कर्ज पक्कं झालं नाही, तर फ्लॅट दुसऱ्याला आणि टोकन बुडालं.

“हप्ता तेरा हजार,” गिरिधर बायकोच्या कानाशी म्हणाला. “मोटरसायकलचे तीन. सोळा झाले. हातात एकेचाळीस येते. एकोणचाळीस टक्के! बसते वं चारुलता.”

चारुलता बोटांवर तेच आकडे मोजत होती. इतवारीत भांड्यांच्या दुकानात ती बिलं करायची. आकडा ऐकला की पुन्हा एकदा मनात मांडून पाहायची तिला सवय होती.

समोर बसलेल्या कर्ज विभागाच्या श्वेता मॅडमनी पगाराची चिठ्ठी वाचली. “काका, पतसंस्थेचे चार हजार कापले जातात. तो पण हप्ताच ना?”

“तो त कापूनच येते मॅडम. आमच्याकडं त्याले कोणी हप्ता म्हणत नाई.”

“कापून आला तरी हप्ताच. म्हणजे मिळकत पंचेचाळीस धरायची आणि हप्ते वीस. चव्वेचाळीस टक्के होतात.” गिरिधरचा चेहरा उतरलेला पाहून त्या लगेच म्हणाल्या, “घाबरू नका. बँकेत पन्नासपर्यंत चालतं. तुमचं काम होऊन जाईल.”

त्यांनी अर्ज पुढे सरकवला. गिरिधरने पेन उचललं. चारच टक्के तर वर जात होते. दुसऱ्या कोणी हेच विचारलं असतं तर आपण काय सांगितलं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तो त्या विचाराकडे पाहतच नव्हता. खिशात फोन पुन्हा थरथरला.

“थांबा हो जरा,” चारुलता म्हणाली. “मॅडम, ही चिठ्ठी कोणत्या महिन्याची आहे?”

“एप्रिल. आधीच्या मार्च आणि फेब्रुवारीच्या.”

चारुलताने नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलाकडे पाहत होता. त्याच्या कारखान्यात कूलरचे पंखे बनायचे. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत रोज ओव्हरटाइम. पाऊस लागला की तो बंद. हे काय तिला माहीत नव्हतं?

“ओव्हरटाइमचे बारा हजार आहेत यात,” ती हळू आवाजात म्हणाली. “श्रावणात काय करता? तेव्हा पतसंस्थेचे चार कापायच्या आधी तेहेतीस असते. त्यातून वीस गेले की उरले तेरा. त्यात भाजी, दूध, औषधं, फ्लॅटचा मेंटेनन्स. काहून नाई सांगितलं मॅडमले?”

“कारण मंग ते साठाच्या वर जाते,” गिरिधर म्हणाला. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने मान वळवून पाहिलं. “मले माहीत होतं वं. टक्के लोकाइचे काढून राहिलो इतके वर्षं. आपले काढताना हात थांबला.”

श्वेता मॅडमनी कॅल्क्युलेटरवर आकडे मांडले. “तेहेतीसचे चाळीस टक्के तेरा हजार दोनशे. सात हजार आधीच जातात. सहा हजारांच्या वर नवा हप्ता नको. तेवढ्यात हा फ्लॅट येत नाही, काका.”

फोन वाजला. या वेळी गिरिधरने उचलला.

“काय झालं गिरिधरभाऊ? दुसरी पार्टी बसली आहे हो समोर.”

“देऊन टाका त्याइले.”

“टोकन वापस नाई मिळत, सांगून ठेवतो.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. त्याने फोन खिशात टाकला.

दोघं बाहेर आले. ऊन डोळ्यांत घुसत होतं. मोटरसायकलची सीट इतकी तापली होती की चारुलताने पदराची घडी टाकली, मगच बसली.

“पंचवीस हजार गेले,” गिरिधर म्हणाला.

“गेले,” ती म्हणाली. “गाडीचे हप्ते दिवाळीत संपते. पतसंस्थेचं पुढच्या वर्षी. मंग पाहू, लहानसं. पण चिठ्ठी श्रावणातली न्यायची.”

गिरिधरने मान हलवली. सोमवारी कारखान्यात शेजारच्या मशीनवरचा रवींद्र त्याला विचारणार होता, काका, मंजूर झालं का. काय सांगायचं, याचा विचार करत त्याने गाडीला किक मारली. पहिल्या किकेत ती चालू झाली नाही.