पाऊस पडत असेल तरच

सुमनकाकूंच्या मीनलचा फोन आला तेव्हा इथे सनीव्हेलमध्ये लख्ख ऊन होतं. "दादा, आई गेली," ती म्हणाली. "काल संध्याकाळी. इट वॉज रेनिंग हिअर..." सुमनकाकू तिकडे पेनसिल्व्हेनियात गेल्या आणि जाताना बाहेर पाऊस होता, याचं मला नवल वाटलं नाही. उलट मनात आलं, की बरं झालं, उन्हात जाणं त्यांना आवडलं नसतं. त्याला आता दीड महिना झाला. अजूनही संध्याकाळी भांडी धुताना नळाचा आवाज येतो आणि क्षणभर वाटतं, कुठेतरी कढईत कांदा पडलाय.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी तिकडे पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत होतो. चौघे जण एका अपार्टमेंटमध्ये राहायचो आणि आठवड्यातून पाच दिवस खिचडी खायचो. गावाबाहेर वीसेक मिनिटांवर, टेकड्यांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, वसंतकाका आणि सुमनकाकूंचा कॅफे होता. काका मुळात इंजिनिअर. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी हे चालतं दुकान घेतलं. अंडी, पॅनकेक, कॉफी, आणि दुपारी दोनला शटर खाली. काकू मागे बसून बटाटे सोलायच्या. संध्याकाळी वरच्या दोन खोल्यांच्या खिडकीतून त्या रस्त्याकडे बघत बसत. एकदा मला म्हणाल्या, "नऊ वर्षं झाली रे या देशात. तुमच्या हातचं काहीतरी द्या, असं एकानंही म्हटलेलं नाही." हसत हसतच म्हणाल्या, पण मला ते लागलं.

त्यांच्या वडिलांची आंबोलीच्या घाटात चहाची टपरी होती. धुक्यात भिजून एसटीतून उतरलेल्या माणसाला काय हवं असतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. म्हणून त्या उन्हाळ्यात त्यांनी काकांकडे संध्याकाळ मागून घेतली. पावसाळी संध्याकाळचा खास बेत, चहा आणि कांदाभजी. बाकी काही नाही. काका म्हणाले, "सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत बघ. कुणी फिरकलं नाही, तर संध्याकाळ बंद. मग पुन्हा विषय काढायचा नाही." आणि पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं. शाळेत निबंधाला बक्षीस मिळालं होतं, ही गोष्ट मी त्यांना नको तितक्या वेळा सांगितली होती. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'लेखकराव' होतो. मेहनताना एक बशीभर भजी, तीही गरम.

मी झकास इंग्रजीत लिहिलं. मॉन्सून स्पेशल, अस्सल भारतीय मसालेदार कांद्याचे तळलेले पदार्थ, सुगंधी चहासह, अवीट चवीचा अनुभव. काळ्या फळ्यावर रंगीत खडूनं, वेलबुट्टी काढून. पाऊस आला आणि आम्ही मोठ्या थाटात फळा रस्त्याच्या कडेला ठेवला. पावसात लावायची पाटी खडूनं लिहिली होती! दहा मिनिटांत माझी अवीट चव गटारातून वाहून गेली. त्या पावसातही एक गिऱ्हाईक आलं, शाळेची बस चालवणारी डोरोथी. तिनं विचारलं, "हा मॉन्सून कोण? तुमचा नवा कुक का?" काका इतके हसले की त्यांना खोकला लागला. काकू मात्र हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. "लेखकराव, तुमच्या पाटीत भूक कुठंय?" म्हणाल्या. "गाडीतला माणूस किती वेळ बघणार? डोळा मिटून उघडेपर्यंत पुढे गेलेला असतो. बाहेरून दिसेल ते चार शब्दांत, हातभर अक्षरात. बाकीचं टेबलावरच्या कार्डावर." आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे मी पुढे आयुष्यभर लिहिताना विसरलो नाही. "चव लिहायची नाही. चव लिहिली की वाचणाऱ्याचं पोट भरतं. वास लिहायचा, आवाज लिहायचा. चवीपर्यंत त्याला चालत येऊ दे." आम्ही बाकी सगळं खोडलं. फळा आत आला, मोठ्या काचेच्या मागे, वर टेबललॅम्प. त्यावर आम्ही इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. पाऊस पडतोय. चहा उकळतोय. तुम्ही बसलात की भजी तेलात. कार्डावर थोडं अधिक होतं. आलं ठेचल्याचा वास येईल तो आमच्याकडूनच येतोय, कप आधी नुसता हातात धरा, कढईचा आवाज ऐकू आला की समजा तुमचीच पाळी.

आणि प्रत्येक शब्द खरा होता, ही त्या बाईची खरी कमाल. इकडचा पिवळा कांदा पाणीदार, म्हणून त्या तो उभा, पातळ चिरायच्या, मीठ लावून बोटांनी पाकळी न् पाकळी सुटी करायच्या आणि दहा मिनिटं ठेवायच्या. सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन, वर पाण्याचा थेंब नाही. हे बेसन न्यूयॉर्कहून कुणाकुणाच्या डिकीतून यायचं. चिमूटभर तांदळाची पिठी, तळहातावर चोळलेला ओवा, तिखट, हळद आणि शेवटी चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. फ्रेंच फ्राईजच्या मशीनला त्या हात लावायच्या नाहीत. बटाट्याचा वास लागतो म्हणायच्या. जाड कढई, मध्यम आच. पिठाचा ठिपका टाकला की तो लगेच वर आला पाहिजे, पण काळा व्हायला नको. चहाला आलं आधी पाण्यात चांगलं उकळायचं, मग पत्ती, साखर आणि मगच दूध, नाहीतर कच्च्या आल्यानं दूध फाटतं. धुराड्याचा पंखा सगळा वास मागच्या छपरावर फेकतो, हेही त्यांनीच हेरलं. पावसाला सुरुवात झाली की त्या पुढची खिडकी वीतभर उघडायच्या आणि आतून टेबलफॅन लावायच्या. ओल्या डांबराच्या वासात ओवा मिसळायचा... पार्किंगमध्ये पेट्रोलचा हिशोब करत बसलेला माणूसही नाक वर करायचा.

पण पाऊसच गेला. ऑगस्टचे तीन आठवडे कोरडे ठणठणीत. टेकड्या तांबूस झाल्या. काका म्हणाले, "अगं, पाटी रोज लाव की. कोण वर बघायला जातंय?" मीही त्यांचीच री ओढली. काकू म्हणाल्या, "पाऊस पडतोय असं लिहिलंय ना? मग पडू दे." चिरलेला कांदा रोज रात्रीच्या आमटीत जायचा. त्या रस्त्याकडे न बघता आकाशाकडे बघायला लागल्या होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. लेबर डे पाच दिवसांवर आला.

त्या बुधवारी चारच्या सुमाराला पश्चिमेकडची टेकडी दिसेनाशी झाली. असा पाऊस मी या देशात पुन्हा पाहिला नाही. वायपर हरले, गाड्या कडेला थांबायला लागल्या, आणि त्या करड्या पडद्यात आमची एकच काच पिवळी उजळलेली. माणसं धावत आत येत होती, केसांतून पाणी गळत. डोरोथी आली, तिच्यामागून लाकडाच्या ट्रकचे दोन ड्रायव्हर आले, एक म्हातारं जोडपं आलं. आठही टेबलं भरली. मी चहा नेत होतो. माणसं कप नुसते हातात धरून बसली होती, कार्डावर लिहिल्याप्रमाणे! काचा वाफेनं धुरकटल्या, सगळं स्वप्नात चालल्यासारखं मऊ आणि सावकाश झालं. कढई मात्र एकच. माणसं माना वळवून स्वयंपाकघराकडे बघायला लागली.

काकांना राहवलं नाही. बायकोची संध्याकाळ बुडू नये म्हणूनच, यात शंका नाही, त्यांनी उरलेलं अर्धं पीठ फ्राईजच्या मशीनमध्ये एकदम सोडलं आणि परातभर भजी काढून ठेवली. "घ्या, आता वाढत सुटा," म्हणाले. काकूंनी परातीकडे पाहिलं. एक भजं उचललं, दाबलं, खाली ठेवलं. मग पदराला हात पुसत त्या सगळ्यांच्या देखत काचेपाशी गेल्या आणि फळ्यावरची तिसरी ओळ हातानं पुसून टाकली.

"व्हाय डिड यू डू दॅट?" डोरोथीनं विचारलं. काकूंचं इंग्रजी तुटपुंजं. "आय रोट, यू सिट, देन आय फ्राय," त्या म्हणाल्या. "टुडे, नॉट ट्रू." त्यांचे डोळे भरले होते. पाच दिवस राहिलेले, आठ टेबलं भरलेली आणि ही बाई स्वतःच्या हातानं गिऱ्हाईक घालवतेय, मला तर संतापच आला. डोरोथीनं बाहेरच्या पावसाकडे बोट दाखवलं. "हनी, मी कुठे जाणार आहे? माझी आत्ता तळ. मी थांबते." म्हातारं जोडपंही मान हलवायला लागलं. ट्रकवाल्यानं रिकामा कप पुढे केला.

आणि मग वसंतकाका उठले. परात उचलून त्यांनी मागे नेली. येताना खडू घेऊन आले आणि इंजिनिअरच्या ताठ, सरळ अक्षरात ती ओळ पुन्हा लिहिली. तुम्ही बसलात की भजी तेलात. खडू खिशात टाकून ते काकूंच्या शेजारी कांदा चिरायला उभे राहिले. त्या परातीतली गार भजी त्यांनी पुढचे दोन दिवस एकट्यानं खाल्ली, तक्रार न करता. लेबर डे आला आणि गेला. संध्याकाळचा विषय त्यांनी खरंच पुन्हा काढला नाही. पुढे कित्येक वर्षं त्या रस्त्यावरची माणसं आभाळ भरून आलं की "सुमनकडे जायचं का?" असं एकमेकांना विचारत.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. कॅफे विकला, पण फळा काकूंनी मीनलकडे नेला आणि स्वयंपाकघरात लावला. गेल्या आठवड्यात तिनं तो मला पाठवला. "इट्स युअर्स, दादा. तिनं सांगितलं होतं, लेखकरावांना द्या." खोक्यातून काढला तेव्हा त्यावर एकच ओळ होती. पाऊस पडतोय. मी मीनलला फोन केला. ती म्हणाली, "तिला उभं राहता येईना तेव्हा तिनं मला भज्यांची लाइन पुसायला लावली. शेवटच्या महिन्यात चहाची पण. आय सेड, आई, लेट इट बी, कोण वाचतंय? पण नो..."

इथे पाऊस तसा दुर्मीळच. काल संध्याकाळी मात्र भुरभुर सुरू झाली. मी खडू हातात घेतला आणि फळ्यापुढे बराच वेळ उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी त्या भज्यांबद्दल लिहिलं खूप, तळली मात्र कधीच नव्हती. खडू खाली ठेवला. दोन कांदे घेतले, उभे चिरले, मीठ लावलं, पाकळ्या सुट्या केल्या. आलं ठेचून पाण्यात टाकलं. आधण आलं तेव्हा चहाची ओळ लिहिली. मग बायकोला हाक मारली, टेबलापाशी बसवलं, आणि मगच तिसरी.