नळ गेल्यावर, दिलीपशिवाय

नानाखेड्यातल्या शक्ती जिमचा मालक दिलीप स्वतःला पैलवान समजे. आरशाचं मत वेगळं पडायचं, म्हणून त्यानं आरसा वजनांच्या मागे सरकवला होता. हे तो स्वतःच हसत सगळ्यांना सांगे.

सध्या मात्र त्याला घोर होता बहिणीचा. जयूनं व्यायाम शिक्षणाचा कोर्स केला होता आणि बायकांची सकाळची बॅच तिला द्यायची त्यानं कबूल केलं होतं. बॅच जमली नाही तर ती खंडव्याच्या शाळेत नोकरी धरणार होती. पण घरोघरी केबल आली होती, टीव्हीवर बायका रोज सकाळी उड्या मारत होत्या. आता इथल्याही धावत येतील, असा दिलीपचा हिशोब.

त्यानं कॉलनीच्या हिंदीत जाहिरातीचा मजकूर लिहिला आणि कॅसेटमध्ये आपल्याच आवाजात भरला. रेडिओवाल्यासारखा घसा खोल केला, तर कोणी माठात तोंड घालून बोलतंय असं वाटे. मग रिक्षावर भोंगा बांधून स्वारी कॉलनीत निघाली.

“मोटापे से परेशान बहनों, शरमाना छोड़ो!”

रिक्षा बंद पडली ती नेमकी अंगानं भरलेल्या सुमनकाकूंच्या फाटकासमोर. काकू बादली घेऊन नळावर उभ्या, कॅसेट फिरतेय, आणि गच्च्यांवरचे लोक एकदा भोंग्याकडे बघतायत, एकदा काकूंकडे.

बॅचला चिटपाखरू आलं नाही.

जयू काकूंची माफी मागायला गेली आणि कारणं घेऊन परतली. आता जी जिमची पायरी चढेल, ती आपणहून परेशान बहन ठरणार. वर सकाळी सहाची वेळ, म्हणजे ऐन नळाची; पाणी सोडून कोण येणार? आणि साडी चालते का, खिडकीतून पोरं बघतात का, याचा मजकुरात पत्ता नाही.

जयू नव्यानं मजकूर लिहायला बसली, या वेळी छापील पर्च्यासाठी. दिलीपनं जड मनानं ‘मोटापा’ काढू दिला, ‘शरमाना’ही. शेवटी तिचा पेन अडला.

“दादा, एक ओळ तुला लागेल.”

“लिही ना. लागून लागून काय राहिलंय आता?”

पेपरात घालून घरोघरी गेलेला पर्चा असा होता: “माँ, बहन, पड़ोसन, सबका स्वागत है। समय: नल जाने के बाद। सलवार-कुर्ता, साड़ी, सब चलेगा। खिड़कियों पर परदे हैं। सिखाएँगी जयू दीदी। इस समय दिलीप जी जिम में नहीं रहेंगे।”

शेवटची ओळ ठळक छापली होती. काकूंची तशी शर्त होती.

सोमवारी दिलीप शटर उघडून समोरच्या पोहेवाल्याकडे जाऊन बसला. नळ गेला. आधी सुमनकाकू आल्या, मागून त्यांची अख्खी गल्ली. आतून जयूचा आवाज येऊ लागला, मोकळा, दणदणीत. खंडव्याच्या नोकरीचा अर्ज आता रद्दीत जाणार, हे त्याला तेवढ्यावरून कळलं.

मग आठवलं, चष्मा आतच राहिलाय. तो दबकत दारापर्यंत गेला. उशिरा आलेल्या एका बाईनं त्याला अडवलं.

“भैया, पर्चा नहीं पढ़ा?”

“पढ़ा है, बहनजी,” दिलीप म्हणाला. “वो दिलीप जी मैं ही हूँ।”

“फिर तो बिलकुल नहीं,” म्हणत ती आत गेली. आत हशा पिकला.

दिलीप परत बाकावर आला. चष्म्यावाचून पोहे कुठले आणि शेव कुठली कळेना, तरी त्यानं आणखी एक प्लेट मागवली.