आपोआप वाढलेला करार

वणीत माझ्या घराखाली रस्त्याच्या अंगाला एक गाळा आहे. एक चाचा तिथे ट्रकच्या वायरिंगचं काम करतात. आमचा करार नोंदणी केलेला, अकरा महिन्यांचा. त्यात एक कलम मीच घालायला लावलं होतं: मुदत संपण्याच्या महिनाभर आधी दोघांपैकी कुणी लेखी नोटीस दिली नाही, तर करार एकदा आणखी अकरा महिने आपोआप वाढेल आणि भाडं पाच टक्के चढेल. पुन्हा अंगठ्यासाठी हेलपाटे नकोत, म्हणून बावीस महिन्यांची स्टॅम्प ड्यूटी तेव्हाच भरून टाकली. केवढा हुशार मी!

मग शेजारचा गाळा बारा हजारांना गेला. माझा आठ हजारांत. डोकं फिरलं.

पण रोज ज्यांचा चहा पितो त्यांना नोटीस कशी द्यायची? आमच्याकडे नोटीस म्हणजे कोर्टकचेरीच. तोंडी सांगू, उद्या सांगू, असं करत तेही सांगितलं नाही. नोटिशीची तारीख उलटून वीस दिवस झाल्यावर खाली उतरलो.

"चाचा, नवा करार करू. बारा हजार."

"काहून भाऊ? जुना तं आपोआप वाढते ना?"

"मागच्या महिन्यात सांगितलं होतं की, चहा पिता पिता."

हे धडधडीत खोटं होतं.

"सांगतलं असन भाऊ. इंजिनाच्या आवाजात मले आयकू आलं नसन." मग म्हणाले, "बारा म्हणजे लय झाले. पण पाहतो."

करार करून देणाऱ्या केंद्रातल्या बाईंनी जुना कागद चाळला.

"नोटीस दाखवा, साहेब."

"तोंडी दिली."

"यात लेखी म्हटलंय. मुदत संपायला दहाच दिवस आहेत, म्हणजे करार वाढलाच. पुढचे अकरा महिने आठ हजार चारशे. त्याऐवजी नवा करायचा तर दोघांची संमती लागते. चाचा, तुम्ही राजी आहात काय?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही खरंच सांगतलं होतं काय?"

मी बाईंवरच खेकसलो, "तुमची फी किती झाली?"

"चला," चाचा उठले. "गिऱ्हाईक बसून असन."

अकरा महिने आठ हजार चारशे वेळेवर येत राहिले. चहाही येत राहिला, याचाच मला जास्त त्रास होई. ती मुदत संपायला दोन महिने असताना रजिस्टर पोस्टाने पत्र आलं, खालच्याच गाळ्यातून! नवा करार तीन वर्षांचा हवा, दरवर्षीची पाच टक्के वाढ आकड्यांत लिहावी, आपोआप वाढीचं कलम नको. मी घासाघीस केली नाही. कोणत्या तोंडाने करणार?

पुन्हा त्याच केंद्रात अंगठे द्यायला बसलो. मला राहवेना.

"चाचा, त्या दिवशी मी खोटं—"

"भाऊ, अंगठा सरळ ठेवा," ते यंत्राकडे पाहत म्हणाले. "मशीन घेऊन नाही राह्यली."