माडीचं भाडं

सोळा वर्षं मी कोरमंगलातल्या एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवलं. शेवटच्या दोन वर्षांत घसा बसायला लागला. एकेका वर्गात दीडशे मुलं, गळ्यात माइक, आणि दिवसाला पाच तास. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं. त्याच सुमारास क्लासने आमचे धडे रेकॉर्ड करून नव्या शाखांमध्ये पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. माझे तर सगळे धडे आधीच रेकॉर्ड झालेले होते. मी राजीनामा दिला तेव्हा कुणी थांब म्हटलं नाही. मलाही थांबायचं नव्हतं. नुसतं झोपावंसं वाटत होतं.

दोन महिने घरी बसल्यावर अण्णाच म्हणाला, "माडी रिकामीच आहे. तिथं क्लास काढ."

अण्णा माझा मोठा भाऊ. पीण्या या कारखान्यांच्या भागात त्याचं लहानसं वर्कशॉप आहे, खाली लेथ आणि वर एक लांबलचक हॉल. पूर्वी वर मालाची तपासणी आणि पॅकिंग चालायचं. कामं कमी झाली तशी तीन मशीनं विकली गेली, माणसं गेली, आणि माडीवर धूळ साठली. आसपासच्या वस्त्यांत कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं. अकरावी-बारावी, म्हणजे इथल्या भाषेत पीयूसी, करणारी. शहरातल्या क्लासची लाख-दीड लाखाची फी त्यांच्या आईबापांना परवडणारी नव्हती.

"भाडं किती घेशील?" मी विचारलं.

"वेड लागलंय का तुला? आपल्या जागेला भाडं कसलं?"

मी वही घेऊन बसले. हॉलच्या मधोमध प्लायवूडची भिंत घातली तर दोन खोल्या होत होत्या. एकीत अकरावी, दुसरीत बारावी, प्रत्येकी तीस खुर्च्या. एकूण साठ. फी वर्षाला तीस हजार, तीन हप्त्यांत. नोट्स आणि चाचणीच्या पेपरांचा खर्च मुलामागे तीन हजार, म्हणजे एका खुर्चीमागे हाती राहणार सत्तावीस. दुसऱ्या बाजूला, मुलं किती का येईनात, व्हायचाच तो खर्च. फिजिक्सचे एक निवृत्त प्राध्यापक आणि केमिस्ट्रीच्या एक बाई, दोघांना मिळून दहा महिन्यांचे पाच लाख. चौकशीला आणि हजेरीला एक बाई, वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. वीज, इंटरनेट, साफसफाई एक लाख वीस. पत्रकं, फलक वगैरे एक लाख. बेरीज नऊ लाख. नऊ लाखांना सत्तावीस हजारांनी भागलं. चौतीस मुलं आली की तोटा नाही.

साठात चौतीस. मी ती वही अण्णाला दाखवली. तो इतका खूश झाला की दुसऱ्याच दिवशी सुताराला घेऊन आला.

पत्रकं छापायला टाकली त्या आठवड्यात मी अण्णाच्या घरी जेवायला गेले होते. अण्णा अजून आला नव्हता. वहिनी चपात्या लाटत होत्या. मला म्हणाल्या, "स्वल्प, थोडं बसा. एक विचारायचं होतं. राग नाही ना येणार?"

"नाही. विचारा ना."

"माडीसाठी खोक्याचा धंदा करणारा एक माणूस येऊन गेला, हे सांगितलं का तुम्हाला यांनी?"

मला काहीच माहीत नव्हतं. त्या माणसाला गोदामासाठी माडी हवी होती. महिन्याला चाळीस हजार आणि दहा महिन्यांची अनामत द्यायला तो तयार होता. अण्णाने त्याला नाही म्हणून परत पाठवलं होतं.

"तुम्ही क्लास काढू नका असं नाही म्हणत मी," वहिनी म्हणाल्या. पोळपाटावरची नजर त्यांनी वर केली नाही. "पण मोठ्या मशीनचा हप्ता अजून चालू आहे. मशीन गेलं, हप्ता नाही गेला. ते कुणाला सांगत नाहीत."

मी घरी येऊन वही उघडली. महिन्याचे चाळीस हजार, वर्षाचे चार लाख ऐंशी हजार. फी दहा महिन्यांची येते, भाडं बारा महिन्यांचं असतं, हे मी इतकी वर्षं दुसऱ्याच्या क्लासमध्ये बघत आले होते. खर्च तेरा लाख ऐंशी हजारांवर गेला. भागाकार केला. बावन्न मुलं. साठात बावन्न, म्हणजे आठच खुर्च्या रिकाम्या राहिलेल्या चालतील. मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. माझा पगार मी कुठेच लिहिला नव्हता. महिन्याला तीस हजार धरून बघितले. पासष्ट आले. खुर्च्या साठ.

चौतीसचा आकडा खोटा नव्हता. पण त्यात जे दिसत नव्हतं ते सगळं अण्णा आणि मी भरणार होतो.

मी अण्णाला म्हटलं, "मी भाडं लिहिलंय. चाळीस."

तो चिडला. "तुला कुणी सांगितलं? तिनेच ना?"

"कुणी का सांगेना. तू ते सोडून देतोयस, म्हणजे तो खर्चच आहे."

"मला शिकवू नकोस. आयुष्यभर धंदा केलाय मी."

"म्हणूनच विचारते. दुसऱ्या कुणाला दिली असतीस का फुकट?"

त्याने वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "एक वर्ष बघ. पहिल्या वर्षी भाडं मागायचं नाही, द्यायचं नाही. नंतर बघू." भिंत उभी राहिली होती, खुर्च्या आल्या होत्या, दोन्ही शिक्षकांना शब्द दिला होता. मी 'सरी', बरं, म्हटलं. तेव्हाच थांबायला हवं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. थांबायलाही बळ लागतं आणि तेव्हा ते माझ्यात नव्हतं.

जूनमध्ये क्लास सुरू झाला. एक्केचाळीस मुलं आली. बावन्न नाहीत, पण चौतीसपेक्षा जास्त, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. तीस खुर्च्यांच्या खोलीत माइक लागत नव्हता. मुलं चांगली होती. एक मुलगी गणित सोडवताना जीभ बाहेर काढायची, आणि उत्तर बरोबर आलं की लाजून आत घ्यायची. संध्याकाळी पाच ते साडेसात वर्ग. बाजूच्या शेडमधला प्रेस सहापर्यंत धडधडायचा, म्हणून पहिल्या तासाला आम्ही गणितंच सोडवायला द्यायचो, बोलायचं काम नंतर.

आणि मग दिवस लहान झाले.

एवढ्या आकडेमोडीत मी ही एक गोष्ट धरलीच नव्हती. साडेसातला क्लास सुटला की मेन रोडपर्यंत पंधरा मिनिटं चालायचं. दोन्ही बाजूंना बंद शटरं, उभे ट्रक, रस्त्यावर दिवा असला तर असला. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका मुलीची आई भेटायला आली. गारमेंटमध्ये काम करणारी, ड्यूटी संपवून तशीच आलेली. कन्नडमध्ये म्हणाली, "मॅडम, तुमच्या शिकवण्याबद्दल काही नाही. पण मला सुटायला आठ वाजतात. हिला आणायला कोण येणार?"

मी म्हटलं, "चार-पाच मुली मिळून जातात की."

"काल दोघीच होत्या. एक बाइकवाला पार मेन रोडपर्यंत मागे आला."

मी वर्गाची वेळ तासभर अलीकडे आणून बघितली. पण कॉलेज सुटून पीण्यात पोचायलाच मुलांना पाच वाजत. काही दिवस अण्णा स्वतः मुलींना रस्त्यापर्यंत सोडायला गेला, हातात टॉर्च घेऊन. पण डिसेंबर लागेपर्यंत नऊ मुली गेल्या. ती जीभ बाहेर काढणारीही. तिसरा हप्ता त्यांनी भरला नाही, आणि मी कोणत्या तोंडाने मागणार होते? वर्गात बत्तीस मुलं उरली. शिक्षकांचे पैसे मात्र तेवढेच द्यायचे होते.

मार्चअखेर हिशेब मांडला. हजेरीपटावर एक्केचाळीस नावं होती, पण पैसे आले ते अडतीस मुलांच्या फीएवढे. सगळा खर्च जाऊन एक लाख सतरा हजार उरले. माझ्या वर्षभराच्या कामाचे म्हणून घेतले असते तर महिन्याला दहा हजारही नाहीत. मी त्या सगळ्या रकमेचा चेक लिहिला आणि अण्णाला दिला.

त्याने तो टेबलावर ठेवला. "हे काय?"

"भाड्यातले. पूर्ण नाहीत."

"आणि तू काय घेतलंस?"

मी चेक त्याच्याकडे सरकवला. तो उठून खिडकीपाशी गेला. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं, की तो थकला होता. वर्षभर तो सकाळी दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझरचं काम करून दुपारी आपल्या वर्कशॉपवर येत होता. घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

"खोक्यावाल्याला फोन कर," मी म्हटलं. "जागा घेतोय का बघ."

"आणि क्लास?"

"माहीत नाही."

चेक त्याने ठेवून घेतला. मला त्याचंच बरं वाटलं. परत केला असता तर मी रडले असते.

क्लासची वाट फिजिक्सच्या प्राध्यापकांनी काढली. ते राहतात त्या वस्तीत, मेट्रो स्टेशनच्या मागे, एक लहान खाजगी शाळा आहे. चारनंतर सगळे वर्ग रिकामे. संस्थाचालकांनी ठरलेलं भाडं मागितलं तर मी उठून यायचं ठरवून गेले होते. पण त्यांनाही रिकाम्या बाकांतून काहीतरी यावं एवढंच हवं होतं. येईल त्या फीचा पाचवा हिस्सा शाळेला, वीज आणि साफसफाई त्यात धरून. मुलं कमी आली तर भाडंही कमी.

तिथंच बाकावर बसून मी पुन्हा भागाकार केला. शाळेचे सहा हजार आणि नोट्सचे तीन गेले की मुलामागे एकवीस उरत होते, आधीपेक्षा कमी. पण माथ्यावर दरमहाचं ओझं फक्त शिक्षकांचं. चौकशीची बाई परवडणार नव्हती. ते मी तिला सांगायला गेले तेव्हा तिने चहा केला आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं, मॅडम." पत्रकांचे लाख आणि माझा पगार धरूनही आकडा सेहेचाळीस आला. सगळं धरून पहिल्यांदाच साठाच्या आत.

नव्या जागेतलं हे दुसरं वर्ष. त्रेचाळीस मुलं आहेत, त्यांत चोवीस मुली. हजेरी मीच घेते, फीच्या पावत्या मीच फाडते, फळाही मीच पुसते. हातात महिन्याला पंचवीस हजार येतात, जुन्या पगाराचा तिसरा हिस्सा. प्राध्यापक म्हणतात, आणखी एक बॅच काढू. मी नाही म्हणते. घसा दुपारपासूनच दुखायला लागतो.

माडीवर आता खोकी रचलेली असतात. भाडं वेळेवर येतं, असं वहिनींनी सांगितलं.